‘आभार’ न म्हणता

माझी आत्या बडोद्याला असते. जूनमध्ये आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. आत्या पंधरा दिवसांसाठी म्हणून फोंड्याला आली आणि चतुर्थी होईपर्यंत राहिली. तीन महिने!

परतीचे तिकीट आले तेव्हा मला प्रश्न पडला, हिला निरोप देताना बोलायचे काय? ‘तुझे फार उपकार झाले’ म्हटले की आपलेच माणूस एकदम पाहुणे होऊन जाते. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. पण म्हणून काहीच न बोलता पिशव्या उचलायच्या, हेही बरे नव्हे. पुष्कळदा आपण संकोचाच्या नावाखाली कृतघ्नपणाच करतो.

आदल्या रात्री आईने सूप मागितले. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी. आत्याच्या ध्यानात आले. ती म्हणाली, “वहिनी, हे काय? मला आता ओटी कशाला?” आत्याचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. माझे वडीलही नाहीत. भाऊ गेल्यावर माहेर संपते, असे ती कधीतरी बोलून गेली होती. आईने ते मनात ठेवले असावे.

“वन्सं, माहेरवाशीण रिकाम्या पदराने जात नाही,” आई म्हणाली. वॉकर बाजूला सारून ती खुर्चीत बसली आणि पाच ओंजळी तांदूळ तिने आत्याच्या पदरात घातले. आत्याने त्यातले चार दाणे देव्हाऱ्यापुढे ठेवले. एके काळी या दोघींचे फारसे पटत नसे. त्या रात्री बराच वेळ कोणीच काही बोलले नाही.

सकाळी हातावर दही ठेवले. पिशवीत सोलां, उकडे तांदूळ आणि खाजे भरले. मडगाव स्थानकावर गाडी यायला थोडा वेळ होता. तेव्हा मी मनातले बोललो.

“आत्या, रात्री दोनला आईला उठवून बसवायचीस, तेव्हा मी झोपेचे सोंग घ्यायचो. ते तुला ठाऊक होते, तरी तू मला कधी हाक मारली नाहीस. ती पहिल्यांदा उंबऱ्यापर्यंत चालली, ती तुझा हात धरून. हे मी विसरणार नाही. पुढच्या चतुर्थीला माटोळी बांधायला चार दिवस आधी ये. तुझी खोली तशीच ठेवतो.”

ती हसली. “सोंग चांगले घेत नाहीस तू,” म्हणाली. गाडी हलताना दारातून हात करून म्हणाली, “येते हं.” जाते म्हणायचे नसते, हे तिनेच मला लहानपणी शिकवलेले.

घरी आलो तर अंगणात पाने पडलेली. मी केरसुणी उचलली, तशी आई आतून ओरडली, “आत्ताच नको. ती पोचू दे.”

दुसऱ्या दिवशी फोन आला. मग केर काढला.