सांगण्याआधी

फ्रायबर्गचं प्रवेशपत्र आलं तेव्हा मी भरवेलीतच होते. पाळी संपवून बाबा घरी आले, हातपाय धुवून बसले, आणि मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. जर्मनीतलं हे विद्यापीठ १७६५ साली खाणकाम शिकवण्यासाठीच सुरू झालं. गाव चांदीच्या खाणींवर वाढलेलं. मँगनीजच्या खाणीत आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. "म्हणजे आपल्यासारखंच गाव," ते म्हणाले.

घरी सांगणं सोपं गेलं. मित्रमैत्रिणींना सांगणं अवघड होतं, आणि पहिली चूक मी तिथेच केली. बालाघाटला कागदांच्या झेरॉक्स काढताना भेटलेल्या एका ओळखीच्याला मी सहज बोलून गेले. संध्याकाळपर्यंत बातमी भरवेलीत पोचली. नागपुरात चार वर्षं माझ्यासोबत एका खोलीत राहिलेल्या मैत्रिणीचा रात्री फोन आला. "चांगलं झालं गं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण मला बाहेरून कळलं." तिला माझ्या जाण्याचं वाईट वाटलं नव्हतं. आपला नंबर कितवा, हे तिला त्या दिवशी समजलं होतं.

मग मी कागदावर यादी केली. कोणाला प्रत्यक्ष भेटून सांगायचं, कोणाला फोनवर, आणि उरलेल्यांना ग्रुपवर. भेटायच्या यादीत पहिला होता तो आमच्या वर्गातला मुलगा, ज्याचा व्हिसा आदल्या वर्षी नाकारला गेला होता. त्याच्याकडे गेले तेव्हा मनात ठरवून गेले होते की सल्ला द्यायचा नाही आणि "तुझंही होईल" असं म्हणायचं नाही. मी फक्त सांगितलं आणि गप्प बसले. थोडा वेळ तोही गप्प होता. मग त्याने स्वतःहून विचारलं, "खात्यात पैसे किती दाखवावे लागले?" त्यावर आम्ही तासभर बोललो.

ग्रुपवरचा मजकूर मी दोनदा लिहिला. पहिल्यात "कळवताना अत्यंत आनंद होतो", "माझी पात्रता नसतानाही" आणि "सर्वांचे मनःपूर्वक आभार" असं सगळं होतं. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा खटकलं. पात्रता नाही असं आपणच म्हटलं की समोरच्याला "छे, तू किती हुशार!" म्हणावंच लागतं. ती नम्रता नव्हे, कौतुकाची मागणी झाली. आणि सर्वांचे आभार मानले की कोणाचेच मानले जात नाहीत.

त्या वेळी आनंदीबाई जोशींची आठवण झाली. अमेरिकेला वैद्यक शिकायला निघण्याआधी, १८८३ साली, त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात लोकांसमोर भाषण केलं. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी एकेक करून घेतले: का जाते, इथे शिकायची सोय नाही का, एकटी का जाते. त्यांच्या वेळचा विरोध माझ्या वाट्याला आला नाही, पण रीत उपयोगी होती. लोकांच्या मनात जे प्रश्न असतील त्यांची साधी उत्तरं द्यायची. मी लिहिलं:

"मी ऑक्टोबरपासून दोन वर्षं जर्मनीत फ्रायबर्गला खनिज प्रक्रिया शिकायला जात आहे. व्हिसा मिळाला आहे. पहिल्या वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात ठेवावे लागतात, ते शैक्षणिक कर्जातून भरले. त्यासाठी मामांनी शेत तारण दिलं. माझी रूममेट रोज रात्री जर्मन शब्द विचारायची, म्हणून परीक्षा निघाली. बँकेच्या कामासाठी बालाघाटला ज्याच्या गाडीवर फेऱ्या मारल्या, त्या किती ते त्याला माहीत आहे. आई-बाबा इथेच आहेत, येता-जाता घरी डोकावत जा. निघायच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी मी घरी आहे, या."

विद्यापीठाच्या क्रमवारीचा उल्लेख काढला. विमानतळावरचा फोटो टाकायचा नाही हेही ठरवलं. कर्जाचा उल्लेख मात्र ठेवला, कारण तो लपवला असता तर हे सगळं फुकट आणि सहज झाल्यासारखं दिसलं असतं. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत मजकूर पाठवला नाही. आधी सांगितलं असतं आणि नकार आला असता, तर प्रत्येकाला समजावण्याचं ओझं आई-बाबांवर पडलं असतं.

रविवारी घरात बसायला जागा उरली नाही. रूममेट नागपूरहून आली आणि आल्या आल्या आईसोबत स्वयंपाकघरात शिरली. व्हिसा नाकारलेला तो मुलगाही आला. जाताना त्याने माझ्या कागदांच्या यादीची प्रत मागून घेतली. बाबांची रात्रपाळी होती. भोंगा झाला तसे ते उठले आणि दारातून सगळ्यांना म्हणाले, "येत जा रे, ती नसली तरी."