प्लाय कापून झाल्यावर...

माझा आत्तेभाऊ, म्हणजे आमचा दादा, पुण्यात फर्निचरचं वर्कशॉप चालवतो. परवा त्याचा फोन आला. "अरे, तुम्ही इंजिनियर लोक मेल बरे लिहिता. एक मेल लिहून दे. पार्टीने ऑर्डर कॅन्सल केली आणि ॲडव्हान्स परत मागतेय."

मामला असा. सात फुटी वॉर्डरोब, किंमत ६८,००० रुपये, ॲडव्हान्स १०,०००. माप झालं, ड्रॉइंगला होकार आला, सनमायकाची शेड त्यांनी स्वतः निवडली (गडद हिरवी!). तीन दिवस काम झालं आणि चौथ्या दिवशी मेसेज आला: बंगलोरला बदली झालीय, वॉर्डरोब नको.

दादाचं म्हणणं, अर्धे पैसे मागू, चौतीस हजार. समोरच्याचं म्हणणं, वस्तूच मिळाली नाही तर पैसे कशाचे? मंडळी, दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. आणि माझ्या मते दोघेही चूक होते.

आपला करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं कलम ७३ सांगतं की करार मोडणाऱ्याने त्यामुळे झालेलं नुकसान भरून द्यायचं. पण ते मोजताना समोरच्याला नुकसान कमी करण्याचे कोणते मार्ग होते, तेही बघायचं. कलम ७४ म्हणतं की कागदावर आकडा आधी लिहिलेला असला, तरी मिळणार ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. दादाच्या कोटेशनवर 'काम सुरू झाल्यावर ऑर्डर रद्द केल्यास झालेला खर्च द्यावा लागेल' एवढीच ओळ होती. पन्नास टक्के कुठेच नव्हते. म्हणजे प्रश्न 'किती मागावं' हा नव्हताच, 'खरंच किती गेलं' हा होता. मग बसलो दोघं हिशेबाला.

प्लायच्या पाच शीट आणल्या होत्या, प्रत्येकी ३,२००. दोन अख्ख्या होत्या, त्या पुढच्या कामाला जातील, म्हणून शून्य. तीन कापल्या, त्याचे ९,६००. पण सात फुटी साइडमधून किचनच्या ट्रॉलीचे भाग निघतात. दादाने त्यांची किंमत चार हजार धरली. उरले ५,६००.

सनमायकाच्या सहा शीट, १,८०० ची एक. दोन चिकटवलेल्या गेल्याच, ३,६००. चार कोऱ्या डीलरने दहा टक्के कापून परत घेतल्या, म्हणजे ७२० चा फटका. बिजागऱ्या आणि चॅनेलची पाकिटं फोडलेलीच नव्हती, ती दुकानदाराने पूर्ण पैशात परत घेतली. दोन कारागिरांची तीन दिवसांची मजुरी ६,०००. माप आणि ड्रॉइंगचे १,५००.

एकूण १७,४२०. ॲडव्हान्स वजा करून मागायचे ७,४२०.

"आणि माझा नफा?" दादाचा प्रश्न बरोबर होता. बुडालेला नफाही मागता येतो. पण पुढची ऑर्डर लगेच वर ओढली होती, कारागीर एक दिवसही रिकामे बसले नव्हते. मग तो नफा बुडाला असं कुठल्या तोंडाने म्हणणार? ते आठवडाभर बसून राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. दादा जरा कुरकुरला, पण ती ओळ खोडली.

मेल छोटाच लिहिला. ऑर्डर पक्की झाल्याची तारीख, रद्द केल्याची तारीख, वरच्या ओळी जशाच्या तशा, प्लाय आणि सनमायकाची बिलं, आणि कापलेल्या मालाचे मोबाइलवर काढलेले फोटो. फोटोवर तारीख असते, आणि ती रद्द करण्याच्या आधीची असणं हाच सगळ्यात मोठा पुरावा. 'दंड' हा शब्द कुठेही वापरला नाही, कारण तो दंड नव्हताच.

उत्तरात समोरच्याने एक मुद्दा काढला, जो आम्हाला सुचला नव्हता. "पैसे मी देतोय, तर कापलेला माल माझा ना?"

बिनतोड प्रश्न! पण उत्तर आमच्याच हिशेबात होतं. कापलेल्या प्लायचे चार हजार आधीच वजा केले होते. दादाने कळवलं, "साहेब, माल खुशाल न्या. मग ते चार हजार वजा होणार नाहीत, ११,४२० द्यावे लागतील. माल इथेच ठेवलात तर ७,४२०."

बंगलोरला प्लायचे तुकडे कोण नेणार? दोन दिवसांत ७,४२० जमा झाले. चौतीस हजार मागितले असते तर ते ॲडव्हान्सवर पाणी सोडून गप्प बसले असते, आणि सात हजारांसाठी दादा काही कोर्टात गेला नसता.

दादाने आता कोटेशनमधली ती ओळ वाढवलीय: कटिंगच्या आदल्या दिवशी मेसेज येईल, 'उद्या प्लाय कापतोय'. त्याला 'हो' आलं की मगच करवत.

त्या हिरव्या सनमायकाच्या दोन शीट मात्र वर्कशॉपच्या टेबलावर लागल्यात. दिसतात भयंकर.