वेळापत्रकात न मावणारी मिनिटे

मेट्रोचे वेळापत्रक गाडीसाठी असते, प्रवाशासाठी नसते. गाडी एका स्थानकातून किती वाजता सुटते आणि दुसऱ्यात किती वाजता पोहोचते, हे ते चोख सांगते. एकाच मार्गिकेवर चढून त्याच मार्गिकेवर उतरणाऱ्याला तेवढे पुरते. पण शहरात दुसरी मार्गिका सुरू झाली की बदल करणारा प्रवासी आला, आणि त्याच्या प्रवासाचा मधला तुकडा, म्हणजे एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाण्याचा, कोणत्याच वेळापत्रकात नसतो. पहिल्या मार्गिकेचे वेळापत्रक तो उतरला की संपते, दुसरीचे तो चढला की सुरू होते. वाहतूक नियोजनाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना हा तुकडा मोजावाच लागतो. मोजल्यावर दर वेळी एकच गोष्ट दिसते : नकाशावर दोन रंगांच्या रेघा जिथे एका ठिपक्यात मिळतात, तिथे मधल्या तीन-चार स्थानकांच्या प्रवासाहून जास्त वेळ जातो.

पुण्याचे उदाहरण घेऊ. शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय स्थानक ऑगस्ट 2023मध्ये सुरू झाले. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मार्गिका तिथे भुयारी आहे, वनाज ते रामवाडी ही उन्नत. भुयारी स्थानकाची खोली सुमारे 33 मीटर आहे. इतके खोल जाण्यामागे हौस नव्हती, पुढे बोगदा मुठा नदीखालून काढायचा होता. आता हिशेब करू. भुयारी फलाट जमिनीखाली 30 मीटर आणि उन्नत फलाट जमिनीवर 12 मीटर धरला, तर चढ झाला 42 मीटरचा. सरकता जिना साधारण 30 अंशांत तिरका असतो, त्यामुळे उंचीच्या दुप्पट अंतर कापावे लागते, म्हणजे 84 मीटर. तो सेकंदाला अर्धा मीटर सरकतो. नुसते उभे राहून वर जायला 168 सेकंद लागले. चढ एका दमात होत नाही, टप्प्याटप्प्याने होतो. एक जिना संपला की वळसा घालून पुढच्याच्या तोंडाशी जायचे. हे वळसे, खालच्या फलाटावर डब्याच्या दारापासून जिन्यापर्यंतची आणि वरच्या फलाटावरची चाल मिळून 120 मीटर धरू. मोकळ्या रस्त्यावर माणूस सेकंदाला 1.3 मीटरच्या आसपास चालतो, गर्दीत 1 मीटर. आणखी दोन मिनिटे. एकूण 4 मिनिटे 48 सेकंद झाली, आणि अजून कोणी कोणाला अडवलेले नाही.

अडवणूक पहिल्या जिन्याच्या पायथ्याशी होते. रस्त्यावर माणसे सतत येत असतात, गाडीतून ती एकदम येतात. दारे उघडली की दोनशे माणसे पाच-दहा सेकंदांत फलाटावर उतरतात आणि बहुतेकांना एकच जिना हवा असतो. मीटरभर रुंद पायरीचा, अर्धा मीटर वेगाचा जिना तासाला 6,000 माणसे नेतो, असे अभियांत्रिकी मानकांत धरतात. मिनिटाला शंभर झाली. म्हणजे दोनशेवा माणूस दोन मिनिटे पायथ्याशी उभा राहतो आणि सरासरी माणूस एक मिनिट. तासाचा हिशेब मांडला तर हाच जिना ऐसपैस वाटतो, कारण सहा मिनिटांनी येणाऱ्या गाडीची दोनशे माणसे तो दोन मिनिटांत उपसतो आणि उरलेली चार मिनिटे जवळजवळ रिकामा फिरतो. स्थानकाचा आराखडा तासाच्या आकड्यांवर तपासला की रांग कागदावर दिसत नाही. ती पाहायची असेल तर गाडी गेल्यावर पहिल्या मिनिटात जिन्याच्या पायथ्याशी उभे राहावे. एखादा जिना दुरुस्तीसाठी बंद असला तर पुढचे काही सांगायलाच नको. 30 मीटरचा चढ म्हणजे पावणेदोनशेच्या वर पायऱ्या.

चालणे आणि रांग मिळून 5 मिनिटे 48 सेकंद झाल्यावर दुसऱ्या गाडीची वाट पाहणे येते. गाड्या सहा-सहा मिनिटांनी धावत असतील तर सरासरी तीन मिनिटे. पण ही तीन मिनिटे गाड्या काटेकोर अंतराने आल्या तरच खरी. समजा एक गाडी मागच्या गाडीनंतर दोन मिनिटांनी आली आणि पुढची दहा मिनिटांनी. तासातल्या गाड्या तेवढ्याच राहिल्या, वेळापत्रकाची सरासरीही सहाच. सरासरी वाट पाहणे मात्र 4 मिनिटे 20 सेकंदांवर जाते, कारण दोन मिनिटांच्या फटीत थोडेच लोक सापडतात आणि दहा मिनिटांच्या फटीत बहुतेक सगळे. तरी आपण नेमकेपणाच धरू. बेरीज पावणेनऊ मिनिटांच्या किंचित पुढे जाते. थांबे धरून मेट्रोचा सरासरी वेग ताशी 33 किलोमीटर घेतला तर तेवढ्या वेळात ती पावणेपाच किलोमीटर जाईल. शिवाय प्रवासाची सगळी मिनिटे सारखी नसतात. गाडीत बसलेल्या मिनिटापेक्षा चालण्याचे आणि ताटकळण्याचे मिनिट माणसाला दुप्पट जड जाते, असे धरूनच जगभर प्रवासी-अंदाज बांधले जातात. त्या मापाने हा बदल सतरा-अठरा मिनिटांचा पडतो. मेट्रो वेगवान असूनही अनेकजण दुचाकी का सोडत नाहीत, या प्रश्नाचा बराचसा उलगडा इथे होतो.

गर्दीची वेळ टळल्यावर तरी ही कटकट कमी व्हायला हवी. रांग जाते हे खरे, पण एक वेगळाच सापळा तयार होतो. दोन्ही मार्गिकांवर दर दहा मिनिटांनी, ठरलेल्या मिनिटाला गाडी आहे असे समजा. बदलायला 4 मिनिटे 48 सेकंद लागतात आणि वरची गाडी खालची आल्यापासून साडेचार मिनिटांनी सुटते. मग प्रत्येक प्रवासी, प्रत्येक फेरीला, 18 सेकंदांनी गाडी चुकवतो आणि 9 मिनिटे 42 सेकंद उभा राहतो. सरासरी पाच मिनिटे हा आकडा इथे कामाचा नाही, कारण दोन वेळापत्रके एकमेकांना जखडलेली आहेत. उपाय सोपा वाटतो : वरची गाडी अर्धा मिनिट उशिरा सोडा. पण बदलाच्या स्थानकात चार दिशांनी गाड्या येतात आणि प्रत्येकीतून उतरणाऱ्याला दुसऱ्या मार्गिकेच्या दोन दिशा असतात. आठ जोडण्या झाल्या. एक साधायला गेलात की दुसरी सुटते. म्हणून कोणत्या जोडणीला किती माणसे आहेत हे आधी मोजावे लागते, आणि ते मोजायचे तर चालण्याचा खरा वेळ हाताशी हवा. नकाशावरून काढलेला अंदाज इथे चालत नाही, 18 सेकंदांनीच तर सगळा घोळ केलेला असतो.

मोबाइलवरची प्रवास-ॲप हा वेळ कुठून आणतात? सार्वजनिक वाहतूक संस्था आपली वेळापत्रके ज्या प्रमाणित साच्यात देतात, त्यात `transfers.txt` नावाची एक फाइल असते आणि तिच्यात `min_transfer_time` हा रकाना. दोन फलाटांतला बदल किती सेकंदांचा, ते तिथे लिहायचे. फाइल ऐच्छिक आहे. ती नसेल तर ॲप दोन स्थानकांच्या अक्षांश-रेखांशांतले अंतर पाहते, आणि एकावर एक बांधलेल्या स्थानकांत ते जवळपास शून्य येते. बेचाळीस मीटरचा चढ असा सपाट होऊन जातो. जिने, लिफ्ट, फाटके यांचा तपशील देण्यासाठी `pathways.txt` ही वेगळी फाइलही आहे. ती भरायला स्थानकात जाऊन टेप धरावी लागते, एवढीच तिची अडचण.

मुंबईत उंचीच्या जोडीला हद्दीचाही प्रश्न आहे. गुंदवली आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग, तसेच अंधेरी पश्चिम आणि डी. एन. नगर, या जोड्या पादचारी पुलांनी जोडलेल्या आहेत. पण स्थानके वेगळी, नावे वेगळी, चालवणाऱ्या संस्था वेगळ्या. एका फाटकातून बाहेर पडायचे, पूल ओलांडायचा, पुन्हा बॅग तपासणी, पुन्हा फाटक. चालण्याचे मीटर फारसे नाहीत, पण प्रत्येक फाटक आणि प्रत्येक तपासणी-यंत्र म्हणजे जिन्याच्या पायथ्यासारखीच आणखी एक रांग. तिकीट एकच झाले तर खिडकीवरचा खोळंबा वाचतो, रांगा तशाच राहतात. दिल्लीत धौला कुआँ ते दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस हा बदल तर सव्वा किलोमीटरच्या आसपासच्या पुलावरून होतो. त्यावर सरकते पट्टे बसवले आहेत आणि तरीही नकाशावर तो बदलच म्हटला जातो!

यावर नेहमीचे आक्षेप आहेत. पहिला : गाड्या वाढवा, प्रश्न सुटेल. सहाच्या जागी तीन मिनिटांनी गाडी आणली तर वाट पाहणे दीड मिनिटाने घटते आणि एका गाडीतून कमी माणसे उतरल्याने रांगही आखडते. पण 4 मिनिटे 48 सेकंद तिथेच राहतात. दुसरा : रोजचा प्रवासी योग्य डबा निवडतो, त्याला इतका वेळ लागत नाही. बरोबर आहे, आणि म्हणूनच तो एक डबा तुडुंब असतो आणि जिन्यापाशी सगळे एकदम पोहोचतात. सामान घेतलेला, गुडघे दुखणारा किंवा लिफ्टशिवाय जाऊच न शकणारा प्रवासी या हिशेबात येत नाही. त्याला तर एकामागून एक दोन-तीन लिफ्टची वाट पाहावी लागते. तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो : लांब मार्ग गर्दी साठवून ठेवतात, थेट जोडले तर पुढचा फलाट भरून वाहील. अतिगर्दीच्या स्थानकांत हे खरे आहे. पण मग तो निर्णय उघडपणे घ्यावा आणि मिनिटांची किंमत प्रकल्प अहवालात लिहावी. जागा सापडली तिथे फलाट बसवला आणि नंतर त्याला गर्दी-नियंत्रण म्हटले, हे पटणारे नाही.

बदलातली ही लांब चाल टाळता येते का? हाँगकाँगमध्ये क्वुन टाँग आणि त्सुएन वान या मार्गिका प्रिन्स एडवर्ड आणि माँग कॉक या लागोपाठच्या दोन स्थानकांत समोरासमोर आणल्या आहेत. एका स्थानकात काही दिशांचा बदल होतो, दुसऱ्यात उरलेल्यांचा. प्रवासी दारातून बाहेर पडतो, फलाट ओलांडतो आणि समोरच्या गाडीत शिरतो. लंडनची व्हिक्टोरिया मार्गिका 1960च्या दशकात बांधताना ऑक्सफर्ड सर्कससारख्या स्थानकांत जुन्या मार्गिकेशी अशीच सांगड घातली गेली. यासाठी बोगदे एकमेकांवरून-खालून वळवावे लागतात, खर्च येतो, आणि दोन्ही मार्गिकांचा विचार एकदम व्हावा लागतो. पुण्यात एक भुयारी आणि एक उन्नत ठरल्यावर ती वाट बंद झाली, आणि नदी पाहता तिथे फार काही हातात होते असे मला वाटत नाही. जी स्थानके अजून कागदावर आहेत, त्यांच्याबाबतीत मात्र सबब चालणार नाही.

बांधून झालेल्या स्थानकांसाठी माझी मागणी छोटी आहे. पहिल्या गाडीचे दार उघडल्यापासून दुसऱ्या फलाटावर पोहोचेपर्यंतचा वेळ गर्दीत मोजावा, शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना पुरेल तो आकडा घ्यावा, लिफ्टने जाणाऱ्याचा वेगळा काढावा, आणि दोन्ही आकडे वेळापत्रकात, ॲपला दिल्या जाणाऱ्या फाइलमध्ये व स्थानकाच्या फलकावर छापावेत. त्याला नवा बोगदा लागत नाही. घड्याळ घेतलेली चार माणसे आणि एक आठवडा पुरतो.