ठाम, दोनातलं, अंदाज

सोमवार, 7 जुलै

काल आषाढी. मेसमध्ये दोन्ही वेळा साबुदाणा, त्यामुळे आज वरण-भात पाहून बरं वाटलं. आजपासून एक नियम केला आहे. सराव पेपर रोज सकाळी 11 ते 12, छापील प्रश्नपत्रिका, ओएमआर शीट आणि काळा बॉलपेन. मोबाइलवर सोडवणं बंद.

गट ब संयुक्त पूर्वला 100 प्रश्न, 100 गुण आणि एक तास. एका चुकीला पाव गुण जातो. गेल्या महिन्यात मोबाइलवर माझे 55-56 यायचे आणि मी खूश असायचे. मोबाइलवर उत्तराला नुसतं बोट लावायचं असतं. शीटवर गोल रंगवावा लागतो. एका गोलाला चार सेकंद धरले तरी शंभर गोलांना जवळपास सात मिनिटं लागतात. आज ती सात मिनिटं गेली आणि शेवटचे बारा प्रश्न वाचायचेच राहिले.

सोडवले 88, बरोबर 57, चूक 31. गुण 49.25.

बुधवार, 9 जुलै

काल 49, आज 50. तीन दिवस एकाच पायरीवर उभी आहे असं वाटून रात्री उगाच चिडचिड झाली. मग वहीत तिन्ही दिवस एकाखाली एक लिहून पाहिले. सोमवारी 88 सोडवले होते, काल 94, आज फक्त 80. बरोबर आले 57, 58 आणि 56. म्हणजे काल आजच्यापेक्षा चौदा प्रश्न जास्त सोडवले, त्यातले दोनच बरोबर आले आणि बारा चुकले. त्या बारा चुकांनी तीन गुण नेले. गुण जवळपास तेवढेच, पण दिवस वेगवेगळे.

फक्त गुण लिहिले तर यातलं काहीच कळत नाही. उद्यापासून तीन रकाने: सोडवले, बरोबर, चूक.

गुरुवार, 10 जुलै

43.25. सोडवले 97, चूक 43. संध्याकाळी घरी फोन केला नाही.

शुक्रवार, 11 जुलै

56.25! लगेच घरी फोन. आई म्हणाली, "मग काल काय झालं होतं?" तिला काय सांगणार.

रविवार, 13 जुलै

आठवड्याचा हिशेब केला. सहा पेपर, एकूण 297.75, सरासरी 49.6. सगळ्यांत कमी 43.25 आणि सगळ्यांत जास्त 56.25, म्हणजे एकाच आठवड्यात तेरा गुणांचा झोका. मी आलेख काढला आणि गुरुवारचा खड्डा लाल पेनाने रंगवला.

अभ्यासिकेत माझ्या मागच्या टेबलावर एक दादा बसतात. सांख्यिकीत एम.एस्सी. केलंय आणि ही त्यांची तिसरी परीक्षा. वही बघून म्हणाले, "एसटीआय मॅडम, गुरुवारी पेपर अवघड होता की तू कच्ची होतीस, हे या आलेखात कुठे दिसतं?"

दिसत नव्हतं. आमचा क्लास रोज संध्याकाळी ग्रुपवर उत्तरतालिकेबरोबर त्या पेपरला बसलेल्या सगळ्यांची सरासरी टाकतो. मी ती कधी उघडून पाहिली नव्हती. आज मागे जाऊन शोधली. गुरुवारी सगळ्यांची सरासरी 36 होती, शुक्रवारी 50. म्हणजे गुरुवारी मी बाकीच्यांच्या सव्वासात गुण पुढे होते आणि शुक्रवारी सव्वासहा. ज्या दिवशी तोंड पाडून बसले, तो दिवस जरा बराच होता. आईला हे समजावणं अवघड आहे.

दादांनी एक इशाराही दिला. रोज पेपर देणारी मुलं तीच नसतात. सुट्टीच्या दिवशी हौशे-नवशे जास्त बसतात आणि सरासरी खाली येते. म्हणून एका दिवसाचा फरक मनावर घ्यायचा नाही, आठवड्याचा बघायचा. माझा या आठवड्याचा फरक +6.1.

सोमवार, 14 जुलै

नवीन खूण सुरू केली. प्रश्न सोडवतानाच प्रश्नपत्रिकेच्या समासात एक अक्षर लिहायचं. उत्तर नक्की माहीत असेल तर "ठ", ठाम. दोन पर्याय बाद होऊन दोन उरले असतील तर "द". काहीच माहीत नसताना मारलं तर "अ". पेपर तपासल्यावर अक्षर बदलायचं नाही. हे महत्त्वाचं, कारण उत्तर बरोबर आलं की प्रत्येक अंदाज "मला माहीतच होतं" होऊन बसतो. आज एक "अ" खोडून "ठ" करायला हात गेला होता.

बुधवार, 16 जुलै

ताप. पेपर नाही. रूममेटने काढा करून दिला आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहिली.

शनिवार, 19 जुलै

वहीतले आकडे मोबाइलवरच्या शीटमध्ये भरले. सूत्रं सोपी आहेत. C मध्ये बरोबर, D मध्ये चूक, E मध्ये गुण:

```
=C2-D2/4
=AVERAGE(E2:E7)
```

आठवड्याची सरासरी आली 43.08. छातीत धस्स झालं. पाच पेपरांत एकही 47 च्या खाली नाही, मग सरासरी 43 कशी? दहा मिनिटांनी सापडलं. बुधवारच्या ओळीत मी गुण म्हणून 0 टाकला होता. AVERAGE रिकामी चौकट सोडून देते, पण 0 मोजते. चौकट रिकामी केली आणि सरासरी 51.7 झाली. न दिलेला पेपर आणि शून्य मिळालेला पेपर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शीटला ते आपणच सांगावं लागतं.

रविवार, 20 जुलै

सकाळी बुधवारचा राहिलेला पेपर दिला, 52. सहा पेपरांची सरासरी 51.75. गेल्या आठवड्यापेक्षा दोन गुण वर. मी पेढे आणायच्या बेतात होते.

दादा म्हणाले, "पेढे ठेव. तुझे गुण एका आठवड्यात तेरा-तेरा हलतात. सहा पेपरांच्या सरासरीत दोनाचा फरक नुसत्या नशिबानेही पडतो." शिवाय सगळ्यांची सरासरीही 43.5 वरून 45.5 झाली होती. पेपरच सोपे होते. माझा फरक 6.1 वरून 6.25. जिथल्या तिथे.

मग अक्षरं मोजली आणि दुपार त्यातच गेली.

आठवड्यात "अ" 90 मारले होते, त्यातले 17 बरोबर, 73 चूक. सतरा गुण मिळाले आणि सव्वाअठरा गेले. गंमत अशी की चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तर चारात एक बरोबर यायला हवा. चार प्रश्नांत एक गुण येतो, तीन चुकांचे पाऊण जातात, म्हणजे पाव गुण हाती उरायला हवा. पाचात एक बरोबर आला तर ना नफा ना तोटा. मला तेवढेही जमले नाहीत, कारण मी डोळे मिटून मारतच नाही. कुठेतरी कानावर पडलेलं नाव दिसलं की तिकडे ओढली जाते, आणि पेपर काढणारे ते नाव तिथे त्यासाठीच ठेवतात. गुणांचा तोटा किरकोळ आहे, पण दर पेपरला असे पंधरा प्रश्न. त्यांच्यापुढे घुटमळण्यात पाच-सहा मिनिटं जातात, तीही गणितासाठी राखलेली.

"द" 156 होते, बरोबर 86. निम्म्याहून थोडे जास्त. त्यांतून साडेअडुसष्ट गुण आले, म्हणजे दर पेपरला अकराच्या वर. हे सोडायचे नाहीत. मागे एका मार्गदर्शकांनी "शंका असेल तर सोडून द्या" असं सांगितलं होतं आणि मी तीन महिने तसंच करत होते. पाव गुणाच्या कपातीला तो सल्ला चुकीचा आहे.

धक्का बसला तो "ठ"चा. 282 पैकी 31 चूक. एकतीस ठिकाणी मला पक्कं माहीत होतं आणि ते चुकीचं होतं! मिळायचे ते 31 गुण गेले आणि वर पावणेआठ कापले. दर पेपरला साडेसहा गुण इथून गळतात आणि मी अंदाजांना दोष देत बसले होते.

एकतीसच्या एकतीस प्रश्न पुन्हा वाचले. बारांमध्ये प्रश्न "चुकीचे विधान ओळखा" किंवा "खालीलपैकी कोणते नाही" असा होता, आणि मी पहिलं बरोबर विधान दिसताच गोल रंगवून पुढे गेले होते. दहा ठिकाणी जोडगोळ्यांची अदलाबदल. महान्यायवादी केंद्राचा, कलम 76. महाधिवक्ता राज्याचा, कलम 165. हे मी झोपेतही सांगेन, आणि पेपरात उलटं केलं. प्रार्थना समाज 1867, सत्यशोधक समाज 1873, आर्य समाज 1875, यांच्या क्रमातही घोळ. उरलेले नऊ बाकी विषयांत विखुरलेले, त्यांत काही सूत्र दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोनच बदल. प्रश्नातल्या "नाही", "अयोग्य", "चुकीचे" या शब्दाभोवती आधी गोल, मगच पर्याय वाचायचे. आणि "अ" पहिल्या फेरीत सोडून द्यायचे. तिसरा बदल सुचला होता, गणित आधी सोडवायचं. तो मुद्दाम ठेवला, एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

गुरुवार, 24 जुलै

61. विश्वास बसेना, म्हणून प्रश्न चाळले. निम्मा इतिहास मार्चमध्ये सोडवलेल्या पेपरातलाच! ही ओळ शीटमधून काढली आणि संध्याकाळी दुसरा पेपर दिला. काढताना जीव तुटला.

रविवार, 27 जुलै

सकाळपासून पाऊस. अभ्यासिकेत लाइट गेली, तर मोबाइलच्या उजेडात हिशेब.

सरासरी 50.9. गेल्या आठवड्यापेक्षा कमी. रूममेटने आलेख पाहून "अगं, पडली की रेघ" म्हटलं. सगळ्यांची सरासरी मात्र 45.5 वरून 42 वर आली आहे. माझा फरक +8.9. हा बदल दोन आठवड्यांत पहिल्यांदाच नजरेत भरण्याइतका मोठा आहे, आणि कुठून आला तेही अक्षरांत दिसतंय. "ठ" 262, चूक 18. त्यांतले "नाही" न वाचल्यामुळे चुकलेले तीनच. "अ" नव्वदवरून चोवीसवर. "द" जवळपास तिथेच आहे, निम्म्याहून थोडं वर. ते खुणांनी वाढणार नाही, तिथे पुस्तकच उघडावं लागेल.

दादांना वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "अजून एक आठवडा बघ."

जोडगोळ्यांच्या चुका मात्र दहावरून नऊ. कलम 76 आणि 165 भिंतीवर चिकटवले आहेत. उद्याचा पेपर 11 ला.