चुकलेल्या उत्तराचा माग

दहावीच्या सांख्यिकीची स्वाध्यायपत्रिका तपासायची दोन प्रकारे. उत्तरसूची शेजारी ठेवून बरोबर-चूक करत गेलं तर अर्ध्या तासात गठ्ठा संपतो. मला मात्र चुकलेलं उत्तर आलं कुठून हे कळल्याशिवाय पुढचं पान उलटवत नाही. वर्गीकृत सारणीत हा नाद परवडतो, कारण इथली बहुतेक चुकीची उत्तरं आपला पत्ता सोबत घेऊनच येतात.

यंदाच्या पत्रिकेतलं उदाहरण घ्या. पन्नास गुणांच्या चाचणीत 40 मुलांचे गुण असे: 1 ते 10 मध्ये 6 मुलं, 11 ते 20 मध्ये 14, 21 ते 30 मध्ये 12, 31 ते 40 मध्ये 5 आणि 41 ते 50 मध्ये 3. मध्य, मध्यक, बहुलक काढा. संख्या मुद्दाम लहान ठेवल्या होत्या, म्हणजे मुलांचा जीव गुणाकारात अडकू नये.

मध्याचं उत्तर 21.75. गृहीतमध्य 25.5 धरला की विचलनांची बेरीज उणे 150 येते, 40 ने भागून उणे 3.75, आणि तेवढं 25.5 मधून वजा. कुणी 29.25 लिहिलं असेल तर मधली आकडेमोड वाचायची गरजच नाही, वजाचं चिन्ह वाटेत गळालंय. कुणी 25.125 लिहिलं असेल तर त्याने विचलनं दहाने भागून सोपी केली आणि शेवटी दहाने गुणायला विसरला. 174 लिहिणाराही निघतोच. 870 या बेरजेला त्याने मुलांच्या संख्येऐवजी वर्गांच्या संख्येने, म्हणजे पाचाने, भागलेलं असतं. पन्नासपैकी सरासरी 174! तिथे लाल पेन थोडं जोरात उमटतं, हे कबूल.

मुलांना मी मध्याचा पडताळा एकच सांगते: गृहीतमध्य बदलून बघा. 25.5 च्या जागी 15.5 घ्या. आता बेरीज अधिक 250 येते, भागाकार 6.25, आणि 15.5 मध्ये मिळवले की पुन्हा 21.75. तो आकडा आपण फक्त सोयीसाठी धरलेला असतो, त्यामुळे तो बदलला म्हणून उत्तर हलता कामा नये. हललं तर कुठल्या तरी एका मांडणीत चूक आहे.

खरी गंमत मध्यकात झाली. चाळीसचा निम्मा 20, आणि संचित वारंवारता 6, 20, 32 अशी वाढत जाते. म्हणजे 20 हा आकडा बरोबर दुसऱ्या वर्गाच्या टोकावर येऊन थांबतो. मग मध्यकवर्ग कोणता, 11 ते 20 की 21 ते 30? एनसीईआरटीचं पुस्तक म्हणतं की निम्म्याहून मोठी आणि त्याला सर्वांत जवळची संचित वारंवारता ज्याची, तो वर्ग घ्या. त्या हिशेबाने तिसरा. निम्म्याइतकी किंवा जास्त, असा नियम धरणारे दुसरा घेतात. वर्गात यावरून दोन मुलींचं चांगलंच जुंपलं. "बाई, तिचा वर्गच चुकलाय, मग तिला गुण कसे?"

दोघींच्या वह्या मी शेजारी शेजारी ठेवल्या. एकीने दुसरा वर्ग घेतला होता: 10.5 मध्ये 14 पैकी सगळे 14 हवेत, म्हणून पूर्ण दहा मिळवायचे, 20.5. दुसरीने तिसरा: 20.5 पासून सुरुवात, मागे 20 जण आधीच झालेत, पुढे शून्य जायचं, 20.5. दुसऱ्या वर्गाचा शेवट आणि तिसऱ्याची सुरुवात हा एकच बिंदू असल्यामुळे उत्तर वेगळं येऊच शकत नाही. दोघींना पूर्ण गुण.

हे जुळलं, कारण दोघींनी वर्ग आधी सलग करून घेतले होते. 20 आणि 21 च्या मध्ये जी एकाची फट आहे, ती अर्धी अर्धी वाटून 10.5 ते 20.5, 20.5 ते 30.5 असं लिहून घेतलं होतं. मागच्या बाकावर एकाने हे न करताच दुसरा वर्ग घेतला, 20 मधून 11 वजा करून वर्गांतर 9 धरलं आणि उत्तर आलं 20. त्याच्या शेजाऱ्याने तिसरा वर्ग घेतला, त्याचं 21. इथे मात्र दोन वर्गांतून दोन उत्तरं निघाली, मधली फट उघडीच राहिली होती ना! खंडित वर्ग सलग का करायचे, हे फळ्यावर सांगून जे समजत नाही ते या 20 आणि 21 ने समजावलं.

फटीचा आणखी एक परिणाम तपासणाऱ्याने लक्षात ठेवायला हवा. वर्गमध्य 1 आणि 10 वरून काढा की 0.5 आणि 10.5 वरून, तो 5.5 च येतो. म्हणून वर्ग सलग न करणाऱ्याचाही मध्य बरोबर येतो. वर्गांतर 10 धरलं पण खालची मर्यादा 11 किंवा 21 च ठेवली, तर मध्यक 21 आणि बहुलक 19 येतो, दोन्ही नेमके अर्ध्याने जास्त. ही एकच चूक दोन ठिकाणी उमटलेली असते. मी तिचा गुण एकदाच कापते. सहकाऱ्यांना हे पटत नाही, त्यांच्या मते चुकलेली उत्तरं दोन तर कापायचे गुणही दोन.

बहुलकाचं सूत्र मुलं पाठ करतात आणि शेजारच्या दोन वारंवारतांची अदलाबदल करतात. बहुलकीय वर्गात 14 जण, त्याच्या आधी 6, नंतर 12. बरोबर उत्तर 18.5, अदलाबदल झाली की 12.5. दोन्ही आकडे वर्गाच्या आतच पडतात, त्यामुळे डोळ्यांना काही खटकत नाही. पडताळा असा: बहुलक भारी शेजाऱ्याकडे झुकतो. इथे पुढचा शेजारी भारी, तेव्हा उत्तर वर्गमध्य 15.5 च्या पुढेच हवं. 12.5 उलट्या बाजूला गेलंय.

एका मुलाने 18.5 लिहून खोडलं होतं आणि खाली 18 लिहिलं होतं. सूत्र, मांडणी सगळं नीट, मग खोडलं का? समासात त्याचा हिशेब सापडला: मध्यकाची तिप्पट 61.5, मध्याची दुप्पट 43.5, वजाबाकी 18. कार्ल पिअरसनच्या नावाने ओळखला जाणारा हा संबंध शिकवणीत कुणीतरी पडताळा म्हणून दिला असणार. पण तो अनुभवातून आलेला अंदाज आहे, फार न कललेल्या वितरणात साधारण जमतो, इतकंच. 18 आणि 18.5 इतके जवळ येणं हेच त्याच्या दृष्टीने उत्तम. 12.5 आलं असतं तर थांबून पाहायला हवं होतं. दोन उत्तरांतला अर्ध्याचा फरक म्हणजे चूक नव्हे.

त्यातून ही सगळी उत्तरं मुळात अंदाजच. सारणी केली की कोणाला 11 होते आणि कोणाला 20, हे गेलंच. प्रत्येक मूल वर्गमध्यावर बसलंय असं आपण धरतो. सगळी आपापल्या वर्गाच्या तळाशी असती तर खरी सरासरी 17.25 आली असती, सगळी माथ्याशी असती तर 26.25. त्या मुलाला मी हे दोन आकडे काढून दाखवले, खोडलेल्या 18.5 भोवती गोल केला आणि गुण दिले. "पण बाई, मग 21.75 लिहायचं कशाला, 22 लिहिलं तर?" त्याने विचारलं. परीक्षेत 21.75 च लिही, असं मी सांगितलं. नंतरचं बोलणं घंटा झाल्यावरही बराच वेळ चाललं.