हरवलेल्या नेटवर्क-आकृतीचे यादीरूप

संगणकांच्या जाळ्याची, म्हणजेच नेटवर्कची आकृती दोन गोष्टी एकाच वेळी सांगत असते: कोणकोणती उपकरणे आहेत, आणि त्यांपैकी कोणते उपकरण कोणाला जोडलेले आहे. चौकोन कागदावर कुठे काढला आणि रेष सरळ नेली की वळवून नेली, याने पाहणाऱ्याची सोय होते, परंतु जाळ्याच्या रचनेत त्याने काहीही बदलत नाही. म्हणूनच आकृती नाहीशी झाली तरी तिच्यातील खरा आशय शब्दांत आणि अंकांत पुन्हा मांडता येतो. मात्र तो स्मरणातून नव्हे, तर उपकरणांकडूनच मिळवावा लागतो, हे प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला आलेल्या एका कामात फार स्पष्टपणे दिसून आले.

हे काम पश्चिम महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाच्या जाळ्याचे होते. जाळ्याच्या देखभालीची माहिती एका दस्तऐवजात लिहिलेली होती आणि तिच्या मध्यभागी आकृतीचे चित्र होते. परंतु ते चित्र दस्तऐवजात साठवलेले नव्हते, तर कार्यालयातील एका जुन्या संगणकाच्या सामायिक फोल्डरमधून दर वेळी मागवले जात होते. तो संगणक मोडीत निघाल्यावर चित्राच्या जागी रिकामी चौकट उरली. चित्र दिसत नसेल तेव्हा वाचावयाचा पर्यायी मजकूर म्हणून तेथे केवळ ‘नेटवर्क आकृती’ एवढेच लिहिलेले होते, आणि चौकटीखालच्या मजकुरातून लाल रेषा म्हणजे फायबर, काळी रेषा म्हणजे तांब्याची केबल, एवढा एकच संकेत वाचता येत होता. ज्या रेषांविषयी हा संकेत होता, त्या रेषाच आता नव्हत्या.

पहिला निर्णय यादीच्या सीमेचा होता. जाळ्याला जोडलेला प्रत्येक संगणक, छपाईयंत्र आणि मोबाइल नोंदवायचा ठरवल्यास यादी लांबते आणि दुसऱ्याच दिवशी खोटी ठरते. म्हणून जी उपकरणे दुसऱ्यांची वाहतूक पुढे पोहोचवतात तीच घ्यावीत आणि त्यांच्या जोडीला केवळ फायलींचा सर्व्हर घ्यावा, असे ठरवण्यात आले. त्यानुसार इंटरनेटच्या तोंडाशी असलेला राउटर `R1`, मुख्य स्विच `C1`, कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि वसतिगृह येथील स्विच अनुक्रमे `S1` ते `S4`, बिनतारी जोडणी देणारे दोन ॲक्सेस पॉइंट `A1` व `A2`, आणि सर्व्हर `N1` अशी नऊ नावे निश्चित झाली. केबल ज्या खाचांच्या पट्टीवर येऊन थांबतात ते पॅच पॅनेल उपकरणांत धरले नाही, कारण ते वाहतुकीविषयी कोणताही निर्णय घेत नाही. त्याच्या खाचेचा क्रमांक जोडणीच्या ओळीतच शेवटी लिहिणे अधिक योग्य वाटले, मात्र खाली दिलेल्या ओळींत तो गाळलेला आहे.

जोडण्या शोधण्याचे मुख्य साधन एलएलडीपी हे होते. आयईईई या संस्थेच्या ८०२.१एबी या मानकात सांगितलेली ही पद्धत अशी की, प्रत्येक उपकरण आपल्या प्रत्येक पोर्टवरून ठरावीक अंतराने, सामान्यतः दर ३० सेकंदांनी, आपले नाव आणि त्या पोर्टचा क्रमांक जाहीर करते. हा संदेश मानक पाळणारा स्विच पुढे पाठवत नाही, त्यामुळे तो थेट केबलने जोडलेल्या शेजाऱ्यापर्यंतच पोहोचतो. आकृतीतील रेषेचा अर्थही नेमका एवढाच असतो. मुख्य स्विचवर `show lldp neighbors` ही आज्ञा दिली असता समोर आलेल्या प्रत्येक ओळीत आपला पोर्ट, शेजाऱ्याचे नाव आणि शेजाऱ्याचा पोर्ट ही माहिती होती, म्हणजे एकेक रेष तिच्या दोन्ही टोकांसह हाती आली. नोंद साधारणतः १२० सेकंद टिकत असल्याने नुकतीच काढलेली केबलही काही काळ जोडलेली दिसते. म्हणून प्रत्येक स्विचची माहिती थोडे थांबून दुसऱ्यांदा पाहणे आवश्यक होते.

येथे एक जुनी गणिती कसोटी उपयोगी पडली. कोनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडवताना ऑयलरने प्रत्येक भूभागाला लागणाऱ्या पुलांची संख्या मोजली आणि त्या सर्व संख्यांची बेरीज पुलांच्या संख्येच्या दुप्पट येते, हे दाखवून दिले, कारण प्रत्येक पूल दोन टोकांकडून एकेकदा मोजला जातो. आज अशा प्रश्नांसाठी ठिपके आणि रेषा यांची जी आकृती काढली जाते ती त्याच्या लेखात नाही. नकाशाखेरीज अक्षरांनी दर्शवलेले भूभाग आणि पूल एवढ्यावरच त्याने युक्तिवाद पुरा केला. नेटवर्कमध्येही प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांच्या उपकरणांकडून एकेकदा ऐकू यायला हवी, आणि जी एकाच बाजूने ऐकू येते किंवा मुळीच येत नाही तिच्याविषयी वेगळी चौकशी करायला हवी.

पाच स्विचच्या परस्परांतील पाच जोडण्या दोन्ही बाजूंनी जुळल्या. ॲक्सेस पॉइंट आपले नाव जाहीर करत होते, परंतु त्यांच्या स्वतःच्या शेजाऱ्यांची नोंद वाचण्याची सोय नव्हती. त्यामुळे त्यांच्या दोन जोडण्या केवळ स्विचच्या बाजूने मिळाल्या आणि एकूण नोंदी बारा झाल्या. राउटरवर ही पद्धत बंद होती आणि सर्व्हरवर तिचा प्रोग्रामच नव्हता, म्हणून त्या दोन जोडण्या दोन्ही बाजूंनी गप्प राहिल्या. त्या शोधण्यासाठी मॅक पत्त्यांच्या तक्त्याकडे वळावे लागले. मॅक पत्ता म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक जोडकार्डाला दिलेला ओळखक्रमांक. कोणता पत्ता कोणत्या पोर्टवरून बोलला, हे स्विच लक्षात ठेवतो आणि साधारणतः ३०० सेकंद तो पत्ता पुन्हा बोलला नाही तर ती नोंद पुसतो. `show mac address-table` या आज्ञेने राउटरचा पत्ता `C1`च्या २४व्या पोर्टवर आणि सर्व्हरचा दहाव्या पोर्टवर सापडला. तथापि हा तक्ता ‘त्या दिशेला’ एवढेच सांगतो, ‘थेट त्या टोकाला’ असे सांगत नाही, हा भेद विसरता येत नाही. म्हणून त्या दोन्ही केबलची दोन्ही टोके रॅकजवळ उभे राहून डोळ्यांनी पाहण्यात आली.

याच तक्त्याने एक अशी गोष्ट उघड केली जी हरवलेल्या आकृतीतही बहुधा नसावी. प्रयोगशाळेच्या `S2` स्विचच्या १७व्या पोर्टवर एलएलडीपीचा कोणीही शेजारी नव्हता, आणि तरीही त्या एका पोर्टवर अकरा मॅक पत्ते दिसत होते. एका पोर्टवर एकच संगणक असेल तर एक पत्ता दिसावा, टेलिफोनमधून पुढे संगणक जोडला असेल तर दोन किंवा तीन. ॲक्सेस पॉइंटमागे अनेक पत्ते असू शकतात, परंतु त्या खोलीत ॲक्सेस पॉइंट नव्हता. अर्थात तेथे असा एक साधा स्विच असला पाहिजे, जो स्वतःचे नाव सांगत नाही आणि ज्याला आज्ञाही देता येत नाही. आठ पोर्टांच्या स्विचमध्ये एक पोर्ट वर जोडण्यात गेला तर सातच संगणकांना जागा उरते, त्यामुळे तो सोळा पोर्टांचा असावा असा तर्क झाला, आणि प्रयोगशाळेतील शेवटच्या बाकाखाली तसाच स्विच आढळला. ही तपासणी तास चालू असताना केल्यामुळेच अकरा पत्ते दिसले. संगणक बंद असताना तो पोर्ट रिकामाच भासला असता. या स्विचला `U1` हे नाव देण्यात आले आणि यादी दहा उपकरणांची झाली.

```
R1,2,C1,24,copper
C1,1,S1,24,copper
C1,2,S2,24,copper
C1,25,S3,25,fiber
C1,26,S4,25,fiber
S3,26,S4,26,fiber
C1,10,N1,eth0,copper
S1,12,A1,eth0,copper
S3,8,A2,eth0,copper
S2,17,U1,16,copper
```

दहा उपकरणे कोठेही वळसा न होता एकमेकांशी जोडायची असतील तर नेमक्या नऊ जोडण्या पुरतात, आणि येथे त्या दहा आहेत. म्हणजे जाळ्यात एक वर्तुळ आहे, आणि यादी बारकाईने वाचली तर ते `C1`, `S3` आणि `S4` यांचे आहे असे कळते. चित्रात हा त्रिकोण डोळ्यांना क्षणात दिसला असता. यादीत तो मोजून काढावा लागतो, आणि यादीची ही उणीव मान्य करायलाच हवी. वर्तुळात संदेश अखंड फिरत राहू नयेत म्हणून स्विच आपसांत बोलणी करून एक पोर्ट अडवून ठेवतात. या व्यवस्थेला स्पॅनिंग ट्री म्हणतात, आणि `show spanning-tree` ही आज्ञा दिल्यावर अडवलेला पोर्ट `S4`चा २६वा असल्याचे दिसले. अडवलेल्या पोर्टवर सामान्य वाहतूक स्वीकारली जात नाही आणि पत्तेही शिकले जात नाहीत, त्यामुळे केवळ मॅक तक्त्यावर विसंबून यादी केली असती तर ग्रंथालय आणि वसतिगृह यांमधील ही फायबर कधीच सापडली नसती. एलएलडीपीचे संदेश मात्र अडवलेल्या पोर्टवरूनही जात-येत असल्याने ती दोन्ही बाजूंनी नोंदली गेली.

ही अडवलेली स्थिती यादीच्या त्या ओळीत लिहावी की नाही, यावर विचार करावा लागला. मुख्य इमारतीकडून वसतिगृहाकडे जाणारी फायबर तुटली तर अडवलेला पोर्ट आपोआप खुला होईल आणि वसतिगृहाची वाहतूक ग्रंथालयावरून वळेल. म्हणजे स्थिती घटकाभरात बदलू शकते, परंतु केबल तेथेच राहते. म्हणून जोडण्यांच्या यादीत केवळ टिकाऊ गोष्टी ठेवल्या गेल्या आणि नेहमी कोणता पोर्ट अडवलेला असतो हे वेगळ्या टिपेत नोंदवले गेले. ती टीप नसेल तर पुढे कोणी ‘यातून काहीच जात नाही’ असे पाहून ती फायबर निरुपयोगी समजून काढून टाकण्याचा धोका होता.

जुन्या आकृतीत रंगाने सांगितलेले माध्यम आता पाचव्या स्तंभात आले. ठिकाण मात्र दोन उपकरणांमधल्या ओळीत बसत नाही, कारण ते जोडणीचे नव्हे तर उपकरणाचे वर्णन आहे. त्यासाठी उपकरणांची स्वतंत्र यादी करून तेथे इमारत, मजला आणि रॅक ही माहिती लिहिण्यात आली. पोर्टांचे क्रमांक आकृतीत कधी होते की नव्हते हे आता सांगता येणार नाही, परंतु रात्री वसतिगृहाची जोडणी तुटली असता देखभाल करणाऱ्याला रेषेपेक्षा ‘`C1`चा २६वा पोर्ट’ हेच शब्द हवे असतात.

ज्यांना चित्र हवे होते त्यांच्यासाठी याच ओळींवरून ग्रॅफव्हिझ या मुक्त प्रोग्रामकरवी आकृती काढण्यात आली. त्याला प्रत्येक जोडणी दोन नावांमध्ये दोन आडव्या रेघा घालून द्यावी लागते:

```
graph net {
  C1 -- S3;
  C1 -- S4;
  S3 -- S4;
}
```

चौकोन कुठे बसवायचे हे प्रोग्राम स्वतः ठरवतो, त्यामुळे त्याच्या आकृतीत ग्रंथालय डावीकडे की उजवीकडे याला अर्थ उरत नाही आणि नवे उपकरण आले की सर्व मांडणी हलते. तरीही ते चित्र दस्तऐवजात घालताना त्याखाली मूळ यादी मजकूर म्हणूनच ठेवण्यात आली, आणि केबल बदलली की आधी यादीतील ओळ बदलायची आणि मग चित्र नव्याने काढायचे, असा क्रम लिहून दिला गेला.