आईचा पिन आईलाच माहीत हवा

आई सफाई कामगार होती. तिचे एटीएम कार्ड कित्येक वर्षे सावकाराकडे गहाण होते. पगाराच्या दिवशी तो पैसे काढायचा आणि उरलेले तिच्या हातावर ठेवायचा. कर्ज फिटले, ती निवृत्त झाली, पण कार्ड काही तिच्या हाती आले नाही. ते माझ्याकडे आले. पिनही मलाच माहीत. सावकार गेला आणि मुलगा आला, एवढाच काय तो बदल. हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

मग ठरवले, यूपीआय तिला शिकवायचेच. पेन्शनचे खाते मात्र जोडले नाही. दुसऱ्या बँकेत साधे बचत खाते काढले आणि त्यात दोन हजार ठेवले. चूक झालीच, तर नुकसान तेवढ्यापुरतेच. अर्थात दोन्ही खात्यांना नंबर एकच आहे. फोन आणि कार्ड एकाच माणसाच्या हाती लागले, तर तो पेन्शनचे खातेही जोडू शकतो. म्हणून फोनला लॉक लावले आणि कार्ड घरी वेगळे ठेवले.

पहिला आठवडा फक्त पैसे घेण्याचा. मी रोज तिला एक रुपया पाठवायचो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, पिन न टाकताच पैसे आले की!" मला हेच हवे होते. पैसे येताना पिन लागत नाही, जातानाच लागतो. "पैसे मिळवायला पिन टाका" म्हणणारा चोर असतो, हे तिला माझ्या भाषणाने नव्हे, सात रुपयांनी कळले.

दुसऱ्या आठवड्यात भाजीवालीचा क्यूआर. स्कॅन केल्यावर आलेले नाव मोठ्याने वाचायचे, भाजीवालीने मान डोलावली की रक्कम टाकायची, मग पिन. पिन तिने स्वतः ठरवला. ती तो टाकताना मी तोंड फिरवायचो.

एकदा चाळीस रुपये खात्यातून गेले, पण भाजीवालीला मिळाले नाहीत. स्क्रीनवर 'प्रलंबित' दिसत होते. आई घामाघूम झाली. मी फोन हातातून घेतला नाही. तिलाच व्यवहारांची यादी उघडायला लावली, पुन्हा पैसे पाठवू नकोस म्हटले, आणि त्या दिवशी रोख दिले. दुसऱ्या दिवशी चाळीस रुपये परत आलेले तिनेच पाहिले.

गेल्या महिन्यात फोन आला : "हयातीचा दाखला राहिलाय, ओटीपी सांगा, नाहीतर पेन्शन बंद." आई म्हणाली, "मी बँकेत येऊन दाखवते जिवंत आहे ते," आणि फोन ठेवला. भिंतीवर 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. पैसे गेलेच, तर रडण्याआधी तो लावायचा.

मित्रांनो, आपल्या वस्तीत "दे आई, मीच करून देतो" हे प्रेमानेच म्हटले जाते. पण दुसऱ्याच्या हातातला पैसा ही गुलामी आपल्या आयांनी खूप भोगली आहे. वेळ लागू द्या. पिन मात्र विचारू नका.

जय भीम.